न दाखविलेले भय : बत्तीस सेकंदांच्या एका चित्रफितीचा अभ्यास

तेल्हाऱ्याच्या उत्तरेला, जिथून सातपुड्याची रांग स्पष्ट दिसते, तिथे आमचे थोडे शेत आहे आणि त्या शेतात एक जुनी विहीर आहे. कूपनलिका झाल्यापासून तिचा उपसा बंद आहे. पण तिच्यावरचा लाकडी रहाट अजून उभा आहे. या विहिरीची एक हकीगत माझी आजी सांगते. तिच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. शेजारच्या घरातील एक सून तिन्हीसांजेला पाण्याला म्हणून गेली ती परत आली नाही. पाय घसरला की आणखी काही झाले, हे कुणालाच कळले नाही. तेव्हापासून संध्याकाळी रहाट आपोआप फिरतो, असे लोक बोलू लागले.

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात दाखविण्यासाठी एक लहानशी चित्रफीत करावयाची ठरली तेव्हा मला हीच हकीगत आठवली. आमच्याजवळ ना कॅमेरा, ना दिवे, ना नट. तेव्हा लेखी सूचनेवरून चित्रफीत तयार करून देणाऱ्या संगणकीय साधनाचा उपयोग करावयाचे आम्ही ठरविले. या लेखी सूचनेला प्रॉम्प्ट असे म्हणतात. मे २०२५ मध्ये गूगलने 'व्हिओ ३' हे साधन जाहीर केले, आणि त्यात एकाच प्रॉम्प्टमधून चित्र व आवाज ही दोन्ही बरोबरच तयार होऊ लागली. एका वेळी मिळते ती ८ सेकंदांची क्लिप. अशा चार क्लिपा जोडून बत्तीस सेकंदांची चित्रफीत करावी, एवढा आमचा बेत होता. ती करताना जे चुकले आणि जे उमगले ते या लेखात मांडीत आहे.

पहिला प्रयत्न

माझा पहिला प्रॉम्प्ट आज वाचला म्हणजे हसू येते. मी लिहिले होते : 'रात्रीची भयानक, झपाटलेली विहीर, दाट धुके, विहिरीतून पांढऱ्या साडीतील बाई हळूहळू वर येते, अतिशय भीतिदायक वातावरण.' आठ सेकंदांत मला हे सर्व मिळाले. पण विहीर कशी, तर परदेशी परीकथेतल्यासारखी, डोक्यावर कौलारू छप्पर असलेली. मागे देवदार. बाईचे केस तोंडावर, नखे वीतभर लांब, आणि पहिल्या सेकंदापासून वाजणारे धडधडते संगीत. आम्ही मित्र पाहून हसलो आणि तीच क्लिप मी हौसेने घरी आजीला दाखविली.

आजी हसली नाही. तिने विचारले, "हे कोन होय बाप्पा?" मी म्हटले, आपल्या विहिरीतली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "थे भूत नव्हती रे. थे कोनाची तरी लेक होती. तिले असं काहून दाखोतं?"

मला उत्तर सुचले नाही. त्या दिवसापासून दोन प्रश्न एकदमच उभे राहिले. एक, ही क्लिप भीतिदायक का होत नाही. आणि दोन, त्या बाईची विटंबना न करता ही हकीगत सांगता येईल की नाही. पुढे काम करताना ध्यानात आले की या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. तिला दाखवायचेच नाही. मात्र 'दाखवायचे नाही' ही गोष्ट प्रॉम्प्टमध्ये लिहावयाची कशी, हे शिकायला मला तीन आठवडे लागले.

नाव घेतले की वस्तू येते

दुसऱ्या प्रयत्नात मी सरळ लिहिले, 'बाई दाखवू नये, भूत दाखवू नये.' तरीही विहिरीमागे एक पांढरी आकृती उभी राहिली. तिसऱ्या खेपेसही तेच झाले. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ही साधने असंख्य चित्रफिती आणि त्यांची वर्णने शेजारी शेजारी ठेवून शिकविली जातात. वर्णनात सहसा जे दिसते तेच लिहिलेले असते. 'या चित्रात हत्ती नाही' असे कुणी लिहीत नाही. त्यामुळे साधनाला 'भूत' हा शब्द जोरात ऐकू येतो आणि 'नको' हा शब्द फार क्षीण. लहान मुलाला 'बागुलबुवा नाही हं तिथे' असे सांगितले की त्याला बागुलबुवाच आठवतो, तसाच हा प्रकार.

म्हणून पहिला नियम असा की जे लपवायचे त्याचे नावच प्रॉम्प्टमध्ये येऊ द्यायचे नाही. भूत नाही, बाई नाही, झपाटलेली नाही. इतकेच काय, 'भयानक' हे विशेषणसुद्धा नाही. 'भयानक' लिहिले की साधन स्वतःजवळचा ठरीव मसाला काढते : धुके, पूर्णचंद्र, निळसर प्रकाश, किंचाळणारी सारंगी. त्याला भावना सांगू नये. वस्तू, जागा आणि प्रकाश सांगावा. भावना पाहणाऱ्याची असते, ती त्यालाच येऊ द्यावी.

मग नको असलेल्या गोष्टी कशा टाळाव्या? मी वापरलेल्या साधनात त्यासाठी एक वेगळा रकाना होता. त्यातही 'नको' न लिहिता केवळ नामे लिहावयाची असतात. मी प्रॉम्प्ट आधी मराठीत जुळवीत असे आणि मग इंग्रजीत टंकित असे. त्या रकान्यातली माझी ओळ शेवटी एवढीच राहिली :

```
music, people, fog, moon, text, subtitles
```

दुसरी गोष्ट विहिरीची. नुसते 'विहीर' म्हटले की परदेशी विहीर येते, कारण तिचीच चित्रे साधनाने अधिक पाहिलेली. तेव्हा विहीर अशी सांगावी लागली : 'काळ्या दगडाने बांधलेली गोल रुंद विहीर, तोंड सुमारे १५ फूट, कठडा गुडघ्याइतका, एका काठावर दोन लाकडी खांब आणि त्यांवर आडवा लाकडी रहाट, त्यावरून खाली लोंबणारा जाड दोर. भोवती काळी जमीन, मागे डोक्याइतकी वाढलेली तूर.' एवढे सांगितल्यावर जी विहीर आली ती पाहून माझा धाकटा भाऊ म्हणाला, "हे तं आपलीच होय." ओळखीची जागा असली म्हणजे तिथे काहीही न घडता माणूस सावध होतो. परक्या वाड्यात भूत दिसले तर करमणूक होते. आपल्या धुऱ्यावर नुसता दोर हलला तर पाय थबकतो.

मोकळ्या जागेचे वजन

चित्रकलेचे विद्यार्थी जाणतात की कागदावर जिथे काही काढलेले नाही ती जागासुद्धा चित्राचाच भाग असते. भयकथेत तर तीच मुख्य पात्र होते. २०१७ साली प्रदर्शित झालेला विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा मराठी चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना उसातले ते घर आठवेल. तिथे भीती दाटून येण्यासाठी रात्रच व्हावी लागत नाही. भर दिवसा उसाच्या भिंती दृष्टी अडवितात, आणि पाहणारा प्रत्येक सरीत डोकावू लागतो. पडद्यावरचा ऊस हा तिथे मोकळ्या जागेचेच काम करतो : त्याच्याआड काय आहे ते सांगितलेले नसते.

मी तुरीने तेच करावयाचे ठरविले. विहीर चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवली आणि डावीकडचा दोन-तृतीयांश भाग मोकळा सोडला. प्रॉम्प्टमध्ये लिहिले, 'डावीकडे अंधार.' आलेली क्लिप मित्रांना दाखविली. सगळे विहिरीकडेच पाहत होते. डावीकडचा काळा भाग त्यांच्या लेखी नव्हताच. चित्र तिथे संपलेच होते जणू.

इथे मला कळले की नुसता काळा रंग म्हणजे मोकळी जागा नव्हे. मोकळ्या जागेला खोली असावी लागते, आणि खोली कळण्यासाठी तिच्यात एखादी खूण असावी लागते. म्हणून मी 'अंधार' हा शब्द काढला आणि प्रकाश कुठून येतो ते लिहिले : 'सूर्य मावळून अर्धा तास झाला आहे. पश्चिमेला आभाळाची फिकट पट्टी, तिच्यासमोर तुरीची काळी कड. डावीकडे तुरीच्या पलीकडे, दूर, पत्र्याच्या मोटरघरावर एकच पिवळा बल्ब.' तो एक बल्ब येताच डावीकडच्या काळोखाला अंतर आले. विहीर इथे, बल्ब तिथे, आणि मधे पन्नास-साठ पावलांची तूर. आता पाहणाऱ्यांचे डोळे बल्बाकडून विहिरीकडे आणि विहिरीकडून बल्बाकडे जाऊ लागले. त्या येरझारीत ते तुरीतून आपोआपच जात होते.

कॅमेऱ्याविषयी काही न लिहिल्यास साधन तो फिरविते. वर उचलते, भोवती गरगर नेते. मग मोकळी जागा राहतच नाही, कारण सगळे काही एकदा दाखवून होते. म्हणून 'कॅमेरा तिकाटण्यावर, संपूर्ण स्थिर, माणसाच्या छातीच्या उंचीवर' हे वाक्य पहिल्या क्लिपच्या प्रॉम्प्टमध्ये सर्वांत आधी लिहिले. मात्र दृश्यही पूर्ण स्थिर ठेवून चालत नाही. 'काहीच हलत नाही' असे लिहिले तेव्हा मला चित्रफितीऐवजी छायाचित्र मिळाले, आणि छायाचित्रात पुढे काही घडेल अशी अपेक्षाच राहत नाही. तेव्हा 'तुरीचे शेंडे वाऱ्याने किंचित हलतात' एवढी हालचाल ठेवली. काळ चालू आहे एवढे त्याने कळते, आणि तेवढेच पुरेसे असते.

आवाज काढून घेणे

आवाजाच्या बाबतीत एक जुने उदाहरण सर्वांनी अभ्यासावे असे आहे. १९४२ साली अमेरिकेत निर्माते व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक ज्याक टूर्नर यांनी 'कॅट पीपल' हा चित्रपट काढला. त्यात एक तरुणी रात्री एकटीच रस्त्याने चालली आहे. तिच्या मागे दुसरीच्या टाचांचा आवाज येतो आहे. मग मागचा आवाज बंद होतो. तरुणी घाबरून पाय उचलते, आणि एकाएकी फुत्कारासारखा आवाज करीत एक बस तिच्यापुढे येऊन थांबते. प्रेक्षक दचकतो ते बसने, म्हणून अशा धक्क्याला चित्रपटवाल्यांनी 'बस' हेच नाव ठेवले. पण मला वाटते की खरे काम त्याआधीच झालेले असते. मागची पावले थांबतात तिथेच प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकतो. आवाज आला म्हणून नव्हे, तर येत असलेला आवाज गेला म्हणून.

हा अनुभव आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला आहे. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच येते, म्हणून ओलिताला रात्री जावे लागते. मोटरची घरघर चालू असते तोवर माणूस धुऱ्यावर खुशाल डुलकी घेतो. लाईन गेली, घरघर थांबली, की तो खडबडून जागा होतो. शांतताच त्याला जागे करते. माझ्या पहिल्या क्लिपसाठी याहून चांगली खूण कोणती मिळणार! बल्ब आणि मोटर एकाच लाईनवर. लाईन गेली की दोन्ही एकदम जातात.

आवाज लिहिताना दोन पथ्ये पाळावी लागतात. आवाज चित्राच्या वर्णनात न मिसळता शेवटी, वेगळ्या वाक्यांत, कोणता जवळ आणि कोणता दूर ते सांगून लिहावा. आणि एका क्लिपमध्ये दोन-तीन आवाजांहून अधिक लिहू नयेत. पाच लिहिले तेव्हा साधनाने त्यांचा एकच कल्लोळ केला. पहिल्या क्लिपचा पक्का झालेला प्रॉम्प्ट असा होता :

'कॅमेरा तिकाटण्यावर, संपूर्ण स्थिर, छातीच्या उंचीवर. उजव्या खालच्या कोपऱ्यात काळ्या दगडाची रुंद गोल विहीर, कठडा गुडघ्याइतका, दोन लाकडी खांबांवर आडवा रहाट, त्यावरून सरळ खाली गेलेला जाड दोर. डावीकडचा दोन-तृतीयांश भाग डोक्याइतक्या तुरीचा, तुरीपलीकडे दूर पत्र्याच्या मोटरघरावर एक पिवळा बल्ब. सूर्य मावळून अर्धा तास झाला आहे, पश्चिमेला फिकट पट्टी. तुरीचे शेंडे किंचित हलतात. पाचव्या सेकंदाला बल्ब विझतो. त्यानंतर काहीही बदलत नाही. आवाज : दूरवर विजेच्या मोटरची एकसुरी घरघर, जवळ रातकिडे. बल्ब विझताच घरघर आणि रातकिडे दोन्ही थांबतात. फक्त तुरीतला वारा.'

यात भीतीचा एकही शब्द नाही. रातकिड्यांचे थांबणे मात्र मी मुद्दाम घातले आहे. लाईन गेली म्हणून मोटर थांबणे स्वाभाविक आहे. पण रातकिडे लाईनवर चालत नाहीत. हे पाहणाऱ्याच्या मनात शब्दांत उमटत नाही, पण कुठेतरी टोचते. ही क्लिप अकराव्या खेपेस जमली. आधीच्या खेपांत कधी बल्ब दुसऱ्याच सेकंदाला विझला, तर कधी विझून पुन्हा लागला. 'पाचव्या सेकंदाला' असे लिहिले म्हणून ते घड्याळासारखे पाळले जाईल असे समजू नये. ते जवळपासच येते, आणि पुष्कळ प्रती काढून त्यांतून निवडावी लागते.

थोडे थोडे उघडणे

आठ सेकंदांत एकच घटना मावते, ही गोष्ट मी फार उशिरा स्वीकारली. सुरुवातीस एकाच क्लिपमध्ये दोर ताणला जावा, रहाट फिरावा आणि बादली वर यावी असे लिहीत होतो. साधन ते सर्व घाईघाईने उरकीत असे, आणि त्यात दोर लाकडातून आरपार जाई किंवा बादलीला दोन कड्या फुटत. दोर गुंडाळला जाणे, वजन वर येणे या गोष्टी साधनाला नीट जमत नाहीत. तेव्हा जे जमत नाही ते दोन क्लिपांच्या मधल्या फटीत टाकावयाचे ठरविले. १९७५ च्या 'जॉज' या चित्रपटात यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असल्याने तो पडद्यावर फार कमी दाखविला गेला, आणि त्यामुळेच चित्रपट अधिक भीतिदायक झाला, हे प्रसिद्धच आहे. आमची अडचणही तशीच उपयोगी पडली.

दुसऱ्या क्लिपमध्ये फक्त दोर आणि रहाट, मागे आभाळाची पट्टी. पहिली चार सेकंदे दोर किंचित डोलतो. मग तो ताणला जाऊन सरळ होतो आणि रहाट पाव फेराच फिरतो. कुरकुर एकदाच. पाव फेराच का, तर त्याहून अधिक फिरला की दोराची गफलत दिसते. पण पाहताना ही काटकसर फार नेमकी वाटते : कुणीतरी ओढून पाहिले आणि थांबले, असा भास होतो.

तिसऱ्या क्लिपसाठी पुन्हा पहिलीच चौकट हवी होती. नवा प्रॉम्प्ट दिला की विहीर दरवेळी थोडी वेगळी येते. कठड्याचे दगड बदलतात, रहाट सरकतो. पाहणाऱ्याला ते कळते आणि विश्वास उडतो. याला उपाय असा की पहिल्या क्लिपची शेवटची चौकट स्थिर चित्र म्हणून काढून घ्यावी आणि तेच चित्र नव्या क्लिपचा आरंभ म्हणून साधनाला द्यावे. आम्ही त्या चित्रात आधी एक बदल करून घेतला : कठड्यावर एक भरलेली, ओली बादली ठेवली. ती वर कशी आली ते कुठेच दाखविले नाही. अशा वेळी प्रॉम्प्टमध्ये देखाव्याचे पुन्हा वर्णन करू नये, कारण तो चित्रात आहेच. फक्त काय हलते ते लिहावे. मी लिहिले, 'कॅमेरा अत्यंत सावकाश, सरळ रेषेत विहिरीकडे जातो, आठ सेकंदांत दोन पावलांइतकाच. बाकी सर्व स्थिर. आवाज : जवळ दगडावर पाण्याचे थेंब पडण्याचा.' बादलीकडे बोट दाखविलेले नाही. थेंबांचा आवाज ऐकून पाहणारा स्वतःच शोधू लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला ती त्याला सापडते. त्याने स्वतः शोधलेली वस्तू त्याला अधिक खरी वाटते.

चौथ्या क्लिपमध्ये बादलीतले पाणी जवळून दिसते. ते थरथरते आणि हळूहळू निवते. आणि सहाव्या सेकंदाला, चौकटीच्या बाहेरून, डावीकडून, बांगड्यांचा आवाज येतो. मग काळा पडदा. आजीच्या हकीगतीत असे होते की ती सून दिसायच्या आधी तिच्या बांगड्या ऐकू येत. तेवढेच मी घेतले.

इथेही पहिला नियम मला पुन्हा शिकावा लागला. 'बांगड्यांचा आवाज' असे लिहिताच चौकटीत बांगड्या घातलेला एक हात आला. मग बांगड्यांचे नाव न घेता 'डावीकडून, चौकटीबाहेर, काचेची बारीक किणकिण, दोनदा' असे लिहिले, तर चहाचे ग्लास आपटल्यासारखा आवाज आला. शेवटी मी ही क्लिप आवाजाशिवाय घेतली, आईच्या हातातल्या बांगड्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या आणि जोडणीच्या वेळी तो आवाज बसविला. सगळेच काम प्रॉम्प्टने व्हावे असा हट्ट धरू नये, हे मला तिथे पटले.

जमले की नाही कसे ओळखावे

करणाऱ्याला स्वतःच्या चित्रफितीची भीती वाटत नाही. त्याला सर्व ठाऊक असते. म्हणून आम्ही दोन साध्या कसोट्या लावल्या. पहिली, आवाज बंद करून क्लिप दाखवायची आणि पाहणाऱ्याच्या पडद्याकडे नव्हे, डोळ्यांकडे पाहायचे. बल्ब विझल्यावर त्याची नजर डावीकडेच घुटमळली तर मोकळी जागा जिवंत आहे. ती लगेच विहिरीवर गेली तर डावीकडे काही कमी पडले आहे.

दुसरी कसोटी, दुसरी क्लिप संपताच थांबवून विचारायचे की आता काय होईल. सर्वांनी एकच उत्तर दिले तर आपण फार उघड बोललो. कुणालाच काही सुचले नाही तर आपण काहीच बोललो नाही. आमच्या वर्गातल्या पाच जणांनी पाच उत्तरे दिली. एकाला वाटले हात वर येईल, एकाला वाटले तुरीतून कुणी येईल, एक मुलगी म्हणाली की दोर तुटेल. त्यांपैकी काहीच आम्ही दाखविणार नव्हतो, पण ती पाचही भये पुढच्या सोळा सेकंदांत त्या पाच जणांबरोबर होती. ती आम्हांला फुकट मिळाली.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मोठ्या सभागृहात, गलबल्यात, हे चालत नाही. मोटरची घरघर थांबली हे कळायला आधी ती ऐकू यावी लागते. वर्गखोलीत जी चित्रफीत चालली ती स्नेहसंमेलनाच्या मंडपात अर्धी वाया गेली. मागच्या बाकांना थेंब ऐकूच आले नाहीत. मोबाईलच्या लहान पडद्यावर तुरीची कड काळोखात बुडते, म्हणून आभाळाची पट्टी थोडी उजळ घ्यावी लागली. आणि चित्रफितीच्या आरंभी 'ही यंत्राने तयार केलेली चित्रे आहेत' अशी पाटी आम्ही घातली. ती घालणे आवश्यकच होते, कारण विहीर इतकी ओळखीची झाली होती की गावात कुणी ती खरी मानली असती, आणि मग त्या शेजारच्या घराचे नाव पुन्हा तोंडोतोंडी झाले असते.

शेवटी पुन्हा आजी

एकूण एक्केचाळीस क्लिपा काढल्या, त्यांतल्या चार ठेवल्या. तयार झालेली चित्रफीत आजीला दाखविली. तिला मोतीबिंदूमुळे कमी दिसते, म्हणून तिने मोबाईल कानाजवळ धरला. मोटर थांबली तेव्हा ती सवयीने म्हणाली, "लाईन गेली वाटते." नंतर काही बोलली नाही. बांगड्या वाजल्या आणि पडदा काळा झाला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "थ्या तुह्या मायच्या बांगड्या हायेत." मी कबूल केले. एवढ्या खटपटीचा असा निकाल लागलेला पाहून मला जरा वाईटही वाटले. मग तिने मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पन बरं केलं. तिले दाखोलं नाही."